केकच्या फोटोवरून व्हिप टॉपिंग का फ्रेश क्रीम ते कसं ओळखायचं, आणि कोणतं किती वेळ टिकतं

बेकरीच्या केकचा फोटो नीट बघितला तर वरचा पांढरा थर दुधाच्या क्रीमचा आहे का व्हिप टॉपिंगचा, हे बऱ्यापैकी सांगता येतं, फक्त फोटोत नजर कुठे लावायची ते माहिती पाहिजे. मी केक करते आणि दोन्ही वापरते, त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी "हे काय आहे ओ नक्की?" असं विचारणारे फोटो मला सारखे येत असतात. ओळखण्याचा भाग मजेचा आहे, पण त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे, कारण हे दोन्ही थर खराब होतात ते वेगवेगळ्या तऱ्हेने. एक बिघडायला लागला की लगेच दिसतो आणि दुसरा बिघडला तरी छान ताठ उभा असतो, आणि त्यातच लोक फसतात.

आधी दोन्हीत काय असतं ते थोडक्यात. फ्रेश क्रीम म्हणजे दुधाची मलई, फेटायला निदान ३० टक्के फॅट लागतं आणि बहुतेक व्हिपिंगवाल्या क्रीममध्ये ते ३५ च्या आसपास असतं. गार असताना फेटली की फॅटचे कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि मधे हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, फुगून साधारण दुप्पट होते. पण दुधाचं फॅट जरा ऊब लागली की मऊ पडतं, आणि ते मऊ पडलं की बुडबुडे धरणारं काही उरतच नाही. व्हिप टॉपिंगमध्ये पाणी, साखर किंवा ग्लुकोज सिरप, हायड्रोजनेटेड पाम कर्नेल तेल, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर आणि स्टॅबिलायझर असतात. ते बहुतेक वेळा गोठवलेल्या पॅकमध्ये येतं, फ्रीजमध्ये सावकाश वितळवून फेटलं की तिप्पट-चौपट फुगतं आणि त्याचं तेल दुधाच्या फॅटपेक्षा जास्त तापमानाला वितळतं म्हणून ते टेबलावर तासन् तास आकार सोडत नाही. एक गोष्ट इथेच सांगते, पाकिटावर नॉन-डेअरी लिहिलेलं असलं तरी बऱ्याच टॉपिंगमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रोटीन आहे, तेव्हा घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर फोटोवर आणि नावावर अजिबात जाऊ नका, घटकांची यादीच वाचा.

पायरी १: फोटो कुठला आहे ते बघा

बेकरीने पाठवलेला फोटो त्यांच्याच केकचा आहे का, हे आधी विचारून घ्या. कॅटलॉगमधले फोटो खूपदा इकडून तिकडून घेतलेले असतात आणि तुम्हाला मिळणारा केक वेगळ्याच मटेरियलचा असतो. त्यांनी आजकालमध्ये केलेल्या केकचा फोटो मागा, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता, एक बाजूने आणि एक अगदी जवळून, कापलेल्या तुकड्याचा मिळाला तर फारच उत्तम. वरून काढलेला फोटो दिसायला छान असतो पण आपल्या कामाचा नसतो, कारण कडा आणि तळ त्यात दिसतच नाहीत.

पायरी २: रंग, पण एकटा नाही

फ्रेश क्रीमचा रंग हस्तिदंती असतो, म्हणजे पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक. टॉपिंग एकदम पांढरंशुभ्र, कधी कधी निळसर वाटावं इतकं. पण फोटोत नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका कारण पिवळ्या दिव्याखाली सगळंच हस्तिदंती दिसतं आणि फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग बदलतो. म्हणून त्याच फोटोत दुसरी पांढरी वस्तू शोधा, केकखालचा कागद, पांढरा बॉक्स, प्लेट, टिश्यू काहीही चालेल, आणि तिच्याशी ताडून बघा. कागद पांढरा आणि केक त्याच्यापेक्षा पिवळट दिसत असेल तर क्रीमकडे झुकतं माप, कागदाइतकाच किंवा त्याहून पांढरा असेल तर टॉपिंगकडे. आणि एक अडचण लक्षात ठेवा, ती पिवळसर झाक गायीच्या दुधातल्या कॅरोटीनमुळे येते. म्हशीच्या दुधात ते जवळपास नसतं, त्यामुळे म्हशीच्या दुधाची क्रीम असेल तर ती खरी असूनही चांगली पांढरी दिसते. म्हणून रंगावरून फक्त अंदाज बांधायचा, निकाल द्यायचा नाही.

पायरी ३: कडा आणि टोकं, खरी ओळख इथे

मी स्वतः फोटो आला की पहिल्यांदा झूम करते ती नोझलने काढलेल्या फुलांवर. स्टार नोझलने काढलेल्या रोझेटला ज्या घड्या पडतात त्यांच्या धारा बघा. टॉपिंगच्या धारा एकदम टोकदार येतात, प्रत्येक घडी वेगळी मोजता येते, आणि मधलं टोक जिथे नोझल उचललं तिथे सुईसारखं उभं राहतं. क्रीमच्या घड्या असतात पण त्यांच्या धारा जरा गोलसर झालेल्या असतात, टोक किंचित वाकलेलं किंवा बसलेलं असतं, आणि पूर्ण फुलाला एक मऊ, ओलसर चकाकी असते जी टॉपिंगला नसते. टॉपिंग बहुतेक वेळा मॅट दिसतं.

मग केकची बाजू आणि वरची कड बघा. वरचा पृष्ठभाग आणि बाजू जिथे भेटतात तिथे पट्टीने आखल्यासारखा काटकोन आहे, बाजू आरशासारखी सपाट आहे, किंवा कंगव्याने ओढलेल्या रेघा खालपासून वरपर्यंत सारख्या खोल आहेत, असं असेल तर बहुधा टॉपिंगच आहे. क्रीमने अशी कड आणता येते, पण ती तशीच राहत नाही. उंच केक, तीन-चार थर, बाजूने लटकणाऱ्या पाकळ्या, टोपलीची वीण, हेही सगळं टॉपिंगचंच काम, कारण नुसती क्रीम एवढं वजन सहन करत नाही.

आता उलटी खूण. नोझलच्या कडा फाटल्यासारख्या, दातरे पडलेल्या, थोड्या दाणेदार दिसल्या तर ती क्रीम जास्त फेटली गेलेली असते, लोणी व्हायच्या वाटेवर. पायपिंग बॅगमध्ये हाताची ऊब लागली आणि शेवटचं उरलेलं दाबून काढलं की हे हमखास होतं, म्हणून पहिलं फूल गुळगुळीत आणि शेवटचं दातेरी असा फरक एकाच केकवर दिसला तर मी ते क्रीमच्या बाजूने धरते. टॉपिंगही जास्त फेटलं तर खरखरीत होतं पण त्याचा पोत वेगळा असतो, त्यात बारीक बारीक गोल भोकं दिसतात, हवेच्या बुडबुड्यांची, आणि सपाट भागावर स्पॅट्युला फिरवताना ती भोकं ओढली जाऊन छोट्या रेघा उमटतात. दाणेदार आणि भोकाळ हा फरक दोनतीन फोटो झूम करून बघितलेत की डोळ्यात बसतो.

पायरी ४: रंगीत केक असेल तर

गडद लाल, काळा, नेव्ही ब्ल्यू अशा रंगांची फुलं स्वच्छ आणि ताठ आली असतील तर क्रीमची शक्यता फार कमी. गडद रंगासाठी रंग भरपूर घालावा लागतो, त्याबरोबर ढवळणं वाढतं आणि क्रीम एकतर सैल पडते नाहीतर फाटते. शिवाय क्रीमच्या पिवळसर झाकेमुळे फिका निळा जरा हिरवट आणि फिका गुलाबी जरा पीच दिसतो. टॉपिंगवर तोच निळा अगदी स्वच्छ निळा येतो.

पायरी ५: तळ आणि कापलेला तुकडा

केक जिथे बोर्डला टेकतो तिथे ओलसर कड, पाण्याची बारीक रेघ दिसते का बघा. क्रीम काही तास उभी राहिली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि ते खाली जमतं. मात्र फळं असतील तर फळांचंही पाणी सुटतं, म्हणून फळ नसलेल्या बाजूला बघा. तुकड्याचा फोटो असेल तर स्पंज आणि पांढऱ्या थराची सीमा बघा, टॉपिंगची सीमा रेघेसारखी स्पष्ट राहते आणि थर स्पंजसारखाच हलका, बारीक जाळीदार दिसतो, क्रीम मात्र स्पंजमध्ये थोडी मुरलेली असते.

फोटो जिथे हरतो

दोन गोष्टी फोटोत पकडता येत नाहीत. पहिली म्हणजे मिश्रण. पुष्कळ बेकर टॉपिंग आणि डेअरी क्रीम एकत्र फेटतात, चव क्रीमची आणि ताठपणा टॉपिंगचा मिळतो म्हणून, आणि मग रंग हस्तिदंती पण कडा धारदार असं विचित्र दृश्य दिसतं. दुसरी म्हणजे जिलेटिन, मिल्क पावडर किंवा मास्कारपोने घालून घट्ट केलेली क्रीम, तिच्याही कडा बऱ्याच वेळ टिकतात. म्हणजे ताठ कडा दिसल्या की टॉपिंग "बहुधा" एवढंच म्हणायचं. बटरक्रीमही यात मिसळू नका, तिला पिवळसर रंग असतो आणि कडाही धारदार, पण ती जड, दाट, तुपकट चकाकीची दिसते आणि तिचं टिकण्याचं गणितच वेगळं आहे.

एक फोटो पूर्ण वाचून बघू

माझ्या मामेबहिणीने एक फोटो पाठवला, "ताई, बेकरीवाला फ्रेश क्रीम म्हणतोय, घेऊ का? संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम आहे." गोल केक, बाजूला उभ्या रेघा, वर कडेने रोझेट, मधे स्ट्रॉबेरीच्या फोडी, दोन गडद लाल गुलाब. खाली पांढरा बॉक्स उघडलेला. पहिलं म्हणजे बॉक्सशी ताडलं तर केक बॉक्सपेक्षा किंचित पिवळट, म्हणजे क्रीमची बाजू. पण रोझेट झूम केले तर सगळ्यांची टोकं सुईसारखी, पहिलं आणि शेवटचं फूल अगदी सारखं. बाजूच्या रेघा वरपासून खालपर्यंत एकसारख्या. गुलाब काळपट लाल आणि पाकळ्यांच्या कडा पातळ, तरी उभ्या. स्ट्रॉबेरीखाली गुलाबी पाणी उतरलंय, पण जिथे फळ नाही तिथे बोर्ड कोरडा. मी तिला सांगितलं की गुलाब नक्की टॉपिंगचे वाटतात, बाकी केक मिश्रणाचा असावा, नुसत्या क्रीमचा वाटत नाही. तिने फोन करून सरळ विचारलं, "किती डेअरी क्रीम आणि किती टॉपिंग?" तर बेकरीवाला म्हणाला निम्मं निम्मं. असाच प्रश्न विचारा, "फ्रेश आहे ना?" विचारलंत तर उत्तर "हो"च येणार, प्रमाण विचारलंत की माणूस खरं सांगतो असा माझा तरी अनुभव आहे.

त्यानंतर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग निम्मं टॉपिंग आहे तर बाहेर राहिला तरी चालेल ना?" नाही चालत, आणि ते का ते नीट सांगते.

किती वेळ टिकतं

आकार टिकणं आणि खायला चांगलं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉपिंगचं तेल उशिरा वितळतं म्हणून ते उभं राहतं, पण जंतूंना तेलाशी देणंघेणं नसतं, त्यांना पाणी, थोडं अन्न आणि ऊब लागते आणि टॉपिंगमध्ये पाणी भरपूर असतं, साखर असते, बहुतेकांत दुधाचं प्रोटीनही असतं. साखर आहे म्हणजे मुरंब्यासारखं टिकेल असंही नाही, तेवढ्या साखरेने जंतू थांबत नाहीत. शिवाय फेटल्यावर त्याला भांडं, नोझल, बॅग आणि माणसाचे हात लागलेले असतात, पॅकमध्ये बंद असतानाची स्वच्छता तेव्हा उरलेली नसते.

जंतू सगळ्यात वेगाने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे. म्हणून क्रीमवाल्या केकचा नियम सोपा आहे, फ्रीजबाहेर एकूण २ तास, आणि हवा ३२ अंशाच्या वर असेल तर १ तास. मी हाच नियम टॉपिंगलाही लावते. काही टॉपिंगच्या पाकिटावर फेटल्यानंतर बाहेर जास्त वेळ चालेल असं लिहिलेलं असतं, पण ते त्या टॉपिंगपुरतं, तुमच्या केकमध्ये आत फळ, कस्टर्ड, क्रीम काय भरलंय ते त्या पाकिटाला माहिती नसतं. केकचं आयुष्य त्यातल्या सगळ्यात नाजूक थराइतकंच धरायचं.

आणि "एकूण" हा शब्द लोक विसरतात. समजा केक बेकरीच्या फ्रीजमधून ५ ला निघाला, घरी पोचायला अर्धा तास, मग फ्रीज भरलेला म्हणून ओट्यावर अर्धा तास, मग फ्रीजमध्ये. ८ ला बाहेर काढला, फोटो, मेणबत्त्या, कापणं, वाटणं यात ४५ मिनिटं. झाले पावणेदोन तास. आता उरलेला केक लगेच फ्रीजमध्ये गेला तर ठीक, तो रात्रभर टेबलावर राहिला तर सकाळी टाकायचा, मग वर एक फूलही हललेलं नसलं तरी. मधे फ्रीजमध्ये ठेवला म्हणून आधीचा तास पुसला जात नाही, गारव्यात जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. गच्चीवर उकाडा असेल तर याच केकला एकूण तासभरच मिळतो, आणि तो वाटेत आणि ओट्यावरच संपलेला असतो. म्हणून माझ्या बहिणीला मी सांगितलं की केक आणायला उशिरा जा, आणल्या आणल्या फ्रीजमध्ये ठेव, आणि कापायच्या वेळीच वर ने.

फ्रीजमध्ये, म्हणजे ४-५ अंशाला, फ्रेश क्रीमचा केक त्याच दिवशी सगळ्यात छान, दुसऱ्या दिवशी चांगला, तिसऱ्या दिवशी शेवटची मुदत. टॉपिंगचा साधा केक, ज्यात आत काही ओलं भरलेलं नाही, तो ३-४ दिवस राहतो. त्यातच ताजी कापलेली फळं असली की मात्र २ दिवसच धरा. मिश्रणाचा केक क्रीमच्या हिशोबाने. आणि हे दिवस तुम्ही घरी आणल्यापासूनचे नाहीत, क्रीम फेटून केक भरला तेव्हापासूनचे, म्हणून बेकरीत "कधी केलाय?" हे विचारायचंच. फ्रीजच्या दारात किंवा वरच्या कप्प्यात पुढे ठेवू नका, दार उघडलं की तिथे ऊब येते, आतल्या बाजूला झाकून ठेवा.

बिघडलं ते कसं कळतं

क्रीम बोलते. आधी टोकं बसतात, मग घड्या एकमेकांत मिसळतात, तळाला पाणी, वरचा थर पिवळट आणि कोरडा, आणि मग आंबूस वास. टोकं बसणं हा फक्त उबेचा परिणाम असू शकतो, तेवढ्यावरून केक खराब झाला असं नाही, पण तो किती वेळ बाहेर होता हे विचारायची ती खूण आहे. आंबूस किंवा कडवट लागला तर संपला विषय.

टॉपिंग गप्प राहतं. त्याला आंबूस वास उशिरा येतो, कधी येतच नाही. जुनं झालं की वरचा थर रबरासारखा कोरडा होतो, बारीक भेगा पडतात, फ्रीजमधल्या कांद्या-लसणाचा वास पकडतो. चवीला साबणासारखं लागलं तर तेल बिघडलंय, पाम कर्नेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं आणि ते सुटं झालं की तशी चव येते. फळांच्या भोवती बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकी खायचा नाही, इतक्या मऊ आणि ओल्या पदार्थात बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते.

पण सगळ्यात काळजीची गोष्ट दिसतही नाही आणि वासालाही येत नाही. स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू माणसाच्या हातावर आणि नाकात असतात, केक सजवताना ते क्रीमवर किंवा टॉपिंगवर येतात आणि केक उबेत राहिला की विष तयार करतात. ते विष परत फ्रीजमध्ये ठेवून जात नाही, गरम करूनही जात नाही, आणि केकची चवही बदलत नाही. खाल्ल्यावर थोड्याच तासांत उलट्या सुरू होतात. त्यामुळे शंका असलेला केक चाखून बघायचा नसतो, तास मोजायचे असतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं असतील तर अर्ध्या तासाचीही सवलत देऊ नका.

उरलेला केक जास्त दिवस ठेवायचा असेल तर टॉपिंगचा केक तुकडे करून, हवाबंद डब्यात, पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकला तर चांगला राहतो, खायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा, बाहेर नाही. फ्रेश क्रीमचा केक गोठवला तर वितळताना पाणी सुटतं आणि थर दाणेदार होतो, खायला हरकत नसते पण मजा गेलेली असते, आणि वर फळं असतील तर ती आधी काढून घ्या कारण वितळल्यावर त्यांचा लगदा होतो.